ओटीजी आणि फोन-टू-फोन केबल: वीज कोण देतं, कोण घेतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न मुख्यतः टाइप सी पोर्ट असलेल्या अँड्रॉइड फोनबद्दल आहेत. आयफोन आणि जुने मायक्रो यूएसबी फोन यांचा उल्लेख गरजेपुरताच आला आहे.

दोन्ही फोन टाइप सी आहेत आणि मध्ये सी-टू-सी केबल लावली, तर कोण कोणाला चार्ज करणार?

सांगता येत नाही. एकदा हा त्याला देईल, केबल काढून परत लावली की तो ह्याला देईल. फोन बिघडलेले नसतात, पोर्टची रचनाच तशी आहे.

टाइप सी पोर्टच्या 24 पिनांपैकी दोन पिनांना सीसी म्हणतात. दिशेचा सगळा निर्णय या दोन पिनांवर होतो. वीज देऊ पाहणारं उपकरण आपली सीसी पिन एका रोधातून वरच्या व्होल्टेजला जोडतं. वीज घेऊ पाहणारं उपकरण तीच पिन 5.1 किलोओहमच्या रोधातून ग्राउंडला, म्हणजे खाली, जोडतं. केबल लागली की या दोन रोधांमधून अगदी किरकोळ प्रवाह वाहतो आणि सीसीच्या तारेवर ठरावीक व्होल्टेज दिसतं. देणाऱ्याला त्यावरून समोर घेणारा आहे हे कळतं, आणि मगच तो मुख्य तारेवर 5 व्होल्ट सोडतो. तोवर पोर्टच्या वीजवाहक पिना कोरड्या असतात. रिकामी सी-टू-सी केबल चार्जरला लटकत असली तरी तिच्या मोकळ्या टोकाला 5 व्होल्ट नसतात, ते यामुळेच.

चार्जरला फक्त देता येतं आणि पेन ड्राइव्हला फक्त घेता येतं, त्यामुळे तिथे प्रश्नच येत नाही. फोनला दोन्ही जमतं. तो एकटा असताना सेकंदाला साधारण दहा ते वीस वेळा भूमिका बदलत राहतो: थोडा वेळ देणारा, थोडा वेळ घेणारा. समोरचा फोनही आपल्या तालावर तेच करत असतो. अरुंद बोळात समोरासमोर आलेली दोन माणसं एकमेकांना वाट द्यायला एकाच बाजूला सरकतात, मग दोघंही दुसऱ्या बाजूला सरकतात, तसं हे काही क्षण चालतं. एक देणारा आणि एक घेणारा अशी जोडी ज्या क्षणी जुळते आणि सेकंदाच्या दहाव्या भागाहून थोडी अधिक टिकते, तिथे सौदा पक्का होतो. कोणाचा ताल कुठे होता यावर निकाल ठरतो, म्हणजे नशिबावरच म्हणा.

"मला शक्यतो घेणाराच कर" किंवा "शक्यतो देणाराच कर" असा कल पोर्टला नोंदवता येतो. लॅपटॉप आणि पॉवर बँकेचा कल सहसा देण्याकडे असतो, फोनचा घेण्याकडे. लॅपटॉपला फोन जोडला की बहुतेक वेळा फोनच चार्ज होतो, त्यामागे हा कल आहे. दोन फोनांचा कल एकसारखाच असेल, तर पुन्हा नशीब.

ज्याची बॅटरी जास्त, तो कमीवाल्याला देतो ना?

नाही. सीसीच्या तारेवरच्या या पहिल्या ओळखीत बॅटरीच्या टक्क्यांचा संबंध येत नाही. रोधाला 90 टक्के काय आणि 9 टक्के काय, सारखंच. जोडणी झाल्यावर पॉवर डिलिव्हरी नावाच्या बोलीत दोन उपकरणं आणखी बोलू शकतात आणि निर्मात्याने तसं सॉफ्टवेअर लिहिलं असेल तर दिशा बदलूही शकतात. पण सगळे फोन ती बोली बोलतात असं नाही. त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे दोन फोन जोडताना टक्के बघून दिशा ठरेल हे गृहीत धरू नका.

एक अपवाद मात्र भरवशाचा आहे. ज्या फोनची बॅटरी पूर्ण बसली आहे त्याला भूमिका बदलत राहायला ताकदच उरलेली नसते. अशा मेलेल्या फोनचा पोर्ट वीज नसतानाही 5.1 किलोओहमचा घेणाऱ्याचा रोध दाखवतो. पोर्टच्या चिपमध्ये ही सोय मुद्दाम ठेवलेली असते, नाहीतर बॅटरी एकदा शून्यावर गेली की तो फोन टाइप सी चार्जरवर कधी उठलाच नसता. म्हणून शून्यावर बंद पडलेला फोन सी-टू-सी केबलने चालू फोनला लावला, की वीज मेलेल्याकडेच जाते. ज्याला चार्ज करायचं तो फोन तुम्ही स्वतः स्विच ऑफ केलात तरी बहुधा हाच परिणाम मिळतो. दिशा जुळत नसेल तर हा सर्वांत सोपा उपाय, आणि बंद फोन स्वतः वीज खात नसल्याने चार्जही भरभर होतो.

माझाच फोन उतरायला लागला. चालू असताना दिशा कशी उलटवायची?

केबल लावल्यावर वरून नोटिफिकेशन खाली ओढा. तिथे यूएसबीबद्दलची एक ओळ असते, तिच्यावर टॅप केलं की यूएसबीचं पान उघडतं. बहुतेक अँड्रॉइड फोनांत त्या पानावर "USB controlled by" असा भाग दिसतो आणि खाली दोन पर्याय असतात: "Connected device" आणि "This device". काही फोनांत "Charge connected device" असा वेगळा खटकाही असतो. समोरच्याला वीज द्यायची असेल तर हा खटका चालू करायचा, घ्यायची असेल तर बंद.

यात एक गोंधळ हमखास होतो. "USB controlled by" हा प्रश्न विजेचा नाही. फायली उघडण्याचा ताबा कोणाकडे, म्हणजे यजमान कोण, एवढंच तो विचारतो. मात्र टाइप सीच्या पहिल्या ओळखीत जो वीज देतो तोच यजमान होतो, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकच असल्यासारख्या वाटतात. दोन्ही फोन पॉवर डिलिव्हरीत बोलत असतील तर वीज आणि ताबा वेगवेगळे बदलता येतात. नसतील तर फोन एकतर दोन्ही एकदम उलटवायचा प्रयत्न करतो, नाहीतर "Couldn't switch" म्हणून हात वर करतो. तसं झालं तर सेटिंगमध्ये झगडत बसू नका. केबल काढा, दोन-तीन सेकंद थांबा, परत लावा. फासा नव्याने पडेल.

दर वेळी नशिबावर कसं सोडायचं? दिशा खात्रीने एकच राहील असं काही नाही का?

आहे, आणि तेही घरात पडलेल्या वस्तूंतून. सी-टू-सी केबल बाजूला ठेवा. टाइप सीचा ओटीजी कनेक्टर घ्या, म्हणजे फोनकडे सी पिन आणि मागे पेन ड्राइव्हचा मोठा चौकोनी खाचा असलेला तुकडा. त्या खाच्यात फोनच्या जुन्या चार्जरची साधी केबल लावा, एका टोकाला मोठी यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला टाइप सी असलेली. ओटीजीचं टोक ज्या फोनला तो देणार, केबलचं टोक ज्या फोनला तो घेणार. दर वेळी हेच घडतं.

कारण तेच, रोध. फरक इतकाच की इथे ते केबलमध्येच बसवलेले आहेत. ओटीजी कनेक्टरच्या सी पिनमध्ये 5.1 किलोओहमचा रोध ग्राउंडला जोडलेला असतो. तो लागताच पहिल्या फोनला समोर घेणारा दिसतो आणि तो 5 व्होल्ट सोडतो. साध्या केबलच्या सी टोकात 56 किलोओहमचा रोध असतो, तो त्या 5 व्होल्टच्या तारेलाच जोडलेला. तारेवर वीज आली की दुसऱ्या फोनला सीसीवर सुमारे 0.4 व्होल्ट दिसतात. त्याचा अर्थ समोर देणारा आहे, साध्या यूएसबीइतकाच प्रवाह मागावा. सीसीची तार एका फोनपासून दुसऱ्यापर्यंत पोचतच नाही. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, प्रत्येक जण आपापल्या टोकातल्या रोधाशी बोलतो. मग वाद कसला?

या जुगाडाची किंमत म्हणजे वेग. सीसीची तार आरपार नसल्यामुळे पॉवर डिलिव्हरी बंद, जलद चार्जिंग बंद. फोन-ते-फोन देताना तसाही वेग फारसा नसतो, त्यामुळे मला हा सौदा नेहमीच परवडणारा वाटतो. फायलीही याच वाटेने जातात, आणि ओटीजी लावलेला फोन यजमान होतो.

केबल उलटी घातली किंवा टोकं बदलली तर फरक पडतो का?

सी-टू-सी केबलमध्ये नाही. पोर्टमध्ये सीसीच्या दोन पिना असल्या तरी केबलमधून त्यांची एकच तार जाते. ती कोणत्या पिनेवर आली यावरून फोनला केबल सुलटी की उलटी हे कळतं, पण वीज कोण देणार याच्याशी त्याचा संबंध नाही. टोकं बदलली आणि दिशा बदलली असं कोणी सांगितलं, तर ती बदलली केबल पुन्हा लावल्यामुळे. ओटीजी आणि साधी केबल या जोडीत मात्र टोकं बदलली की दिशा बदलते, कारण दोन टोकांत दोन वेगळे रोध आहेत.

अर्ध्या तासात किती चार्ज होईल? रिक्षाचं पेमेंट आणि घरी एक फोन, एवढं जमेल का?

जमेल. पण आकडा बघून निराश व्हायची तयारी ठेवा.

समजा घेणाऱ्या फोनची बॅटरी 4000 एमएएच आहे. बॅटरीचं सरासरी व्होल्टेज 3.85 धरलं तर तिच्यात साधारण 15.4 वॅट-तास ऊर्जा मावते. ओटीजी आणि साध्या केबलच्या जोडणीतून मिळतात 5 व्होल्ट आणि सुमारे अर्धा अँपिअर, म्हणजे 2.5 वॅट. चार्जिंगच्या सर्किटमधली नासाडी वजा करून बॅटरीत सुमारे 2 वॅट पोचतात. अर्ध्या तासाला 1 वॅट-तास. टक्क्यांत 6 ते 7.

हा हिशेब फोन बंद किंवा निवांत पडलेला असतानाचा. चार्जिंगला लावून त्याच फोनवर मोबाइल डेटा चालू ठेवून स्क्रीन लखलखीत केलीत, तर फोन स्वतःच दीड वॅट खातो. बॅटरीत पडायला अर्धा वॅट उरतो आणि त्याच अर्ध्या तासात दोन टक्केही चढत नाहीत. लोक म्हणतात "केबल लावली, चार्जिंगचं चिन्ह आलं, पण आकडा हलतच नाही", ते हेच. फोन बंद करून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग चालू करा.

देणाऱ्याचं काय? त्याच्या बॅटरीतलं व्होल्टेज 5 पर्यंत चढवताना काही भाग उष्णतेत जातो. बाहेर 2.5 वॅट द्यायला आतून सुमारे 3 वॅट निघतात, अर्ध्या तासाला दीड वॅट-तास. त्याची बॅटरी 5000 एमएएच असेल तर 8 टक्के गेले. घेणाऱ्याला साडेसहा मिळाले, तेही लहान बॅटरीवर मोजलेले. मित्राने फोन दिला तर त्याचं नुकसान तुमच्या फायद्यापेक्षा जास्त आहे, हे लक्षात असू द्या.

सी-टू-सी केबलने काही फोन याहून जास्त देतात. देणारा आपल्या वरच्या रोधाच्या मापातूनच किती प्रवाह झेपेल हे सांगतो: साधा, दीड अँपिअर किंवा 3 अँपिअर. दीडवाला फोन मिळाला तर वरचे आकडे तिप्पट करा. 2023 साली आलेल्या आयफोन 15 पासून आयफोनही दुसऱ्या लहान उपकरणाला वीज देतो, कमाल 4.5 वॅट.

पॉवर बँकेला फोन लावला तर फोनच पॉवर बँकेला चार्ज करतोय! हे काय?

हसू येतं खरं, पण कारण पहिल्या प्रश्नातलंच आहे. पॉवर बँकेचा सी पोर्ट बहुतेकदा दोन्ही कामांचा असतो, त्यातून ती स्वतः चार्ज होते आणि त्यातूनच देते. झोपलेली पॉवर बँक घेणारा रोध दाखवत बसली असेल आणि फोन नेमका देणाऱ्याच्या भूमिकेत आला असेल, तर जोडी उलटी जुळते. रात्री उशाशी लावून झोपलात तर सकाळी फोन शून्यावर.

आधी पॉवर बँकेचं बटण दाबून तिला जागी करा, मग केबल लावा. तरीही उलटंच होत असेल तर तिच्या मोठ्या चौकोनी पोर्टातून साध्या केबलने फोन लावा. तो पोर्ट फक्त देण्यासाठीच असतो आणि केबलमध्ये 56 किलोओहम बसलेलाच आहे, उलट जायला वावच नाही. जलद चार्जिंगसाठी सी-टू-सी केबलच हवी असेल, तर लावल्यावर फोनच्या स्क्रीनवर विजेचं चिन्ह आलेलं पाहिल्याशिवाय फोन खाली ठेवू नका.

ओटीजी लावलं पण पेन ड्राइव्ह दिसतच नाही.

पहिली तपासणी सेटिंगची. काही कंपन्यांच्या फोनांत "OTG" किंवा "OTG connection" असा खटका असतो आणि तो मुळात बंद असतो. बंद असताना पोर्ट भूमिका बदलत नाही, कायम घेणाराच राहतो. ओटीजीही घेणारा, फोनही घेणारा, म्हणजे कोणीच वीज सोडत नाही आणि काहीच घडत नाही. हा खटका दहा मिनिटं वापर नसेल तर आपोआप बंदही होतो, त्यामुळे "काल तर चालत होतं" ही तक्रार सर्रास येते. दोन फोन जोडूनही काहीच होत नसेल, तर दोन्हीकडे हा खटका आहे का ते पाहा.

खटका चालू आहे आणि पेन ड्राइव्हचा दिवाही लागतो, पण फायली नाहीत? मग वीज पोचते आहे, अडचण फॉरमॅटची असू शकते. एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्ह बरेच फोन वाचत नाहीत, एक्सफॅट करून पाहा. पण फॉरमॅट करताना आतला माल पुसला जातो, आधी संगणकावर काढून घ्या.

पेन ड्राइव्हऐवजी पोर्टेबल हार्ड डिस्क असेल तर गोष्ट वेगळी. तिची तबकडी फिरायला लागताना एक अँपिअरच्या जवळपास प्रवाह ओढते. अर्धा अँपिअर देणाऱ्या फोनला ते झेपत नाही, व्होल्टेज कोसळतं, डिस्क थांबते, फोन पुन्हा 5 व्होल्ट सोडतो आणि चक्र चालू राहतं. कान लावलात तर टिक... टिक... असा आवाज येतो आणि स्क्रीनवर डिस्क जोडली, डिस्क निघाली असं आलटून पालटून दिसतं. असं ऐकू आलं की लगेच काढा, डिस्कच्या तब्येतीला हे चांगलं नाही. तिला स्वतःची वीज देणारा हब लागतो.

पेन ड्राइव्हही चालवायचा आणि फोन चार्जिंगलाही ठेवायचा, एकदम होतं का?

होतं, पण बाजारात मिळणाऱ्या प्रत्येक वाय आकाराच्या केबलने नाही. फोन वीज घेणार असेल तर पहिल्या ओळखीत तो पाहुणा ठरतो, यजमान नाही, आणि पाहुण्याला पेन ड्राइव्ह उघडता येत नाही. यातून सुटका पॉवर डिलिव्हरीनेच, म्हणजे पीडीनेच, होते. हब फोनला सांगतो की वीज माझ्याकडून घे, पण यजमान तू हो. फोनने मानलं की वीज आत येते आणि फायलींचा ताबा फोनकडे राहतो. म्हणून हब घेताना त्याच्यावर चार्जिंगसाठी पीडी लिहिलेला वेगळा सी पोर्ट आहे ना ते पाहा, आणि फोनही पीडीवाला हवा. नाहीतर चार्जर लावल्यावर चार्जिंग सुरू आणि पेन ड्राइव्ह गायब, असाच खेळ होतो.

फायली कॉपी होत असताना हबचा चार्जर काढू नका. वीज कुठून यायची हे नव्याने ठरताना पेन ड्राइव्हची वीज क्षणभर जाऊ शकते आणि अर्धवट कॉपी झालेली फाइल हाती लागते.

जुन्या मायक्रो यूएसबी फोनाचं काय?

तिथे सगळं सरळ होतं. यूएसबी ओटीजीचा पहिला अधिकृत मसुदा डिसेंबर 2001 चा. त्या पिढीच्या छोट्या पिनेत चारऐवजी पाच पिना आहेत. पाचवी, आयडी नावाची पिन ओटीजी केबलमध्ये ग्राउंडला जोडलेली असते आणि साध्या केबलमध्ये मोकळी. ग्राउंड दिसलं की फोन यजमान आणि वीज देणारा, मोकळी दिसली की घेणारा. केबलच सगळं ठरवायची.

जुना फोन नव्याला जोडायचा असेल आणि मध्ये एका टोकाला सी व दुसऱ्याला मायक्रो असलेली सरळ केबल असेल, तर तिच्या सी टोकात 5.1 किलोओहम असतो. त्यामुळे नवा देतो, जुना घेतो. उलटं हवं असेल तर जुन्या फोनला मायक्रो ओटीजी लावा आणि त्यात साधी सी केबल.

दोन्ही फोन एकाच वेळी वीज सोडायला लागले तर जळतील का?

नियमाप्रमाणे बनवलेल्या केबलने असं होत नाही. समोर घेणारा दिसल्याशिवाय कोणीच 5 व्होल्ट सोडत नाही, आणि दोघंही देणारे असतील तर सीसीवर घेणाऱ्याचा रोध दिसतच नाही. फोन फोनला लावून काही जळेल, ही भीती सोडून द्या.

धोका आहे तो नियम मोडलेल्या केबल आणि कनेक्टरांचा. साध्या केबलच्या सी टोकात 56 ऐवजी 10 किलोओहमचा रोध घातला, की फोनला वाटतं समोर 3 अँपिअर देणारा दमदार चार्जर आहे. तो तेवढा प्रवाह ओढू लागतो आणि मागे असतो लॅपटॉपचा जुना पोर्ट किंवा दुसरा फोन. गूगलचे अभियंते बेन्सन ल्युंग यांनी 2015 पासून ऑनलाइन मिळणाऱ्या अशा केबल एकेक करून तपासल्या आणि निकाल जाहीर केले. 2016 च्या सुरुवातीला एका केबलमध्ये रोध तर चुकीचा होताच, शिवाय वीज आणि ग्राउंडच्या तारा उलट जोडल्या होत्या. तपासणीत त्यांचा लॅपटॉपच कामातून गेला. रस्त्यावरच्या ढिगातली केबल घेताना मी एवढंच पाळतो: महागडा फोन तिच्यावर पहिल्यांदा लावायचा नाही.

फोन चार्ज होतोय, पण दुसऱ्या फोनच्या फायली दिसत नाहीत.

ज्या फोनच्या फायली हव्यात, म्हणजे वीज घेणाऱ्या फोनवर, स्क्रीनचं कुलूप उघडा. नोटिफिकेशनमधून यूएसबीच्या पानावर जा आणि "File transfer" निवडा. मुळात तिथे "No data transfer" असतं, सुरक्षेसाठी. मग देणाऱ्या फोनच्या फाइल्स अॅपमध्ये दुसरा फोन दिसू लागतो. तरीही दिसत नसेल तर केबल फक्त चार्जिंगची असावी. अशा स्वस्त केबलमध्ये माहिती वाहणाऱ्या तारा घातलेल्याच नसतात, आणि बाहेरून ते ओळखू येत नाही.

आत्ता वीज कुठून कुठे जातेय हे नक्की कसं बघायचं?

घेणाऱ्या फोनवर विजेचं चिन्ह येतं, देणाऱ्यावर येत नाही. बहुतेकांना एवढं पुरतं. नेमकं बघायचं तर यूएसबी टेस्टर घ्या. ओटीजी आणि साधी केबल यांच्या सांध्यात चौकोनी टेस्टर सहज बसतो. पडद्यावर 5 व्होल्टच्या आसपास आकडा आणि 0.4 ते 0.5 अँपिअर दिसलं तर सगळं ठीक आहे. व्होल्टेज 4.6 च्या खाली घसरत असेल तर केबल बारीक तारेची आहे किंवा पोर्टात कचरा आहे. अँपिअर शून्यच असेल तर दिशा ठरलेलीच नाही, किंवा घेणारा फोन पूर्ण भरलेला आहे.

फोन लिनक्स लॅपटॉपला लावला असेल तर लॅपटॉपच्या बाजूने थेट विचारता येतं:

```
cat /sys/class/typec/port0/power_role
```

उत्तरात `source` आणि `sink` यांपैकी ज्या शब्दाभोवती चौकोनी कंस आहे ती लॅपटॉपची सध्याची भूमिका. `[source] sink` दिसलं तर लॅपटॉप देतोय. लॅपटॉपला एकाहून जास्त सी पोर्ट असतील तर `port1` ही बघा.

एक छोटा ट्रिमर आहे, त्याला सी पोर्ट आहे. साध्या केबलने चार्ज होतो, पण सी-टू-सी केबलने किंवा फोनला लावून होत नाही. का?

बनवणाऱ्याने दोन रोध वाचवले. त्या ट्रिमरच्या सीसी पिना कशालाच जोडलेल्या नाहीत. सी-टू-सी केबलच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या चार्जरला किंवा फोनला तिथे काही लागलं आहे हेच कळत नाही, म्हणून तो 5 व्होल्ट सोडत नाही. साध्या केबलच्या मोठ्या टोकाला 5 व्होल्ट कायम चालू असतात, म्हणून तिथे चालून जातं.

मोठ्या नावांनाही हे चुकलं आहे. 2019 साली आलेल्या रास्पबेरी पाय 4 या छोट्याशा संगणकाच्या पहिल्या बोर्डावर दोन्ही सीसी पिना जोडून एकच 5.1 किलोओहम रोध दिला होता, प्रत्येकीला वेगळा हवा होता. साध्या केबलवर बोर्ड व्यवस्थित चालायचा. पण महागड्या केबलच्या टोकात ओळख सांगणारी चिप असते आणि तिचा सुमारे 1 किलोओहमचा रोध दुसऱ्या पिनेवर असतो. पिना जोडलेल्या असल्यामुळे चार्जरला दोन्हींवर कमी रोध दिसायचा, तो समोर हेडफोन आहे असं समजायचा आणि वीजच द्यायचा नाही. बोर्डाच्या पुढच्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं.

तुमच्या ट्रिमरला उपाय साधा आहे. चार्जरवरून चौकोनी पोर्ट आणि साधी केबल वापरा. फोनवरून चार्ज करायचा तर फोनला ओटीजी कनेक्टर आणि त्यात तीच साधी केबल.